एकोणीस मिलीमीटरचा पट्टा

माझ्या घड्याळाच्या दोन लगांमधलं अंतर १९ मिलीमीटर आहे. घड्याळाच्या डबीला वर दोन आणि खाली दोन अशी टोकं पुढे आलेली असतात, त्यांना लग म्हणतात. पट्टा किंवा चेन त्यांच्यामध्ये, लगांच्या भोकांत टोकं अडकवलेल्या स्प्रिंगच्या बारीक पिनवर बसते. बाजारात बहुतेक माल १८, २०, २२ अशा सम मापांचा असतो, त्यामुळे १९ म्हटलं की दुकानदार आधी आपल्याकडे बघतो आणि मग घड्याळाकडे. नवा पट्टा घेण्याचं हे काम मी बरंच लांबवलं होतं, पण मूळची स्टीलची चेन आता वापरण्यासारखी राहिली नव्हती. कड्या पातळ पत्र्याच्या, दुमडून केलेल्या होत्या. वर्षानुवर्षांच्या वापराने त्यांची भोकं झिजली होती. चेन आडवी धरली की दोरीसारखी लोंबायची, आणि कड्यांच्या फटीत हातावरचे केस अडकायचे. शेवटी लॉकही आपोआप उघडायला लागलं. मी कर्जवसुलीच्या कामासाठी दिवसभर स्कूटरवर असते. नागपुरात धरमपेठेतून हिंगण्याच्या एमआयडीसीपर्यंत रोजचं जाणं-येणं. चालत्या गाडीवर हातातलं घड्याळ सुटणं परवडणारं नव्हतं.

आधी माप. घरच्या पट्टीने मोजलं तर १९ आणि २० यांच्या मध्ये कुठेतरी येत होतं, आणि पट्ट्याच्या बाबतीत तो अर्धा-एक मिलीमीटरच सगळं ठरवतो. म्हणून बर्डीवरच्या एका घड्याळ दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी जुनी चेन काढली आणि व्हर्नियरचे आतल्या बाजूचे जबडे लगांच्या आत, पिनच्या भोकांजवळ टेकवले. मोजायची जागा तीच. काही घड्याळांचे लग टोकाकडे किंचित फाकलेले असतात, टोकावर मोजलं तर माप मोठं येतं. जुन्या पट्ट्याची रुंदी मोजून नवा घेऊ नये, कारण आधीच्या मालकाने किंवा दुकानदाराने चुकीच्या मापाचा बसवलेला असू शकतो, आणि चामडं दाबून दाबून अरुंदही झालेलं असतं. काकांनी तीन वेळा मोजलं. १९ आणि वर थोडंसं.

“एकोणीसच आहे ताई,” ते म्हणाले. “कोणी वीसचा बसवून देतो म्हणंन, तर चामड्यात बसते. पण चेनमध्ये नाही बसत.”

पुढची सगळी खरेदी या एका वाक्याभोवती फिरली. बर्डीच्या मेन रोडवर ज्या दुकानात चौकशी केली तिथे उत्तर ठरलेलं: “वीसचा घ्या ना ताई, बसून जाते बरोबर.” बसतो हे खरं आहे. चामडं मऊ असतं, दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिलीमीटर दाबलं की आत जातं. पण आत गेल्यावर काय होतं ते काकांनी मला एका जुन्या पट्ट्यावर दाखवलं. लगांच्या मध्ये पट्ट्याच्या कडा आतल्या बाजूला वळल्या होत्या, कडेचा रंग सोलून निघाला होता आणि शिवणीचा पहिला टाका तुटला होता. हात वाकवताना पट्टा पिनभोवती सहज फिरायला हवा. तो लगांना घासत अडकत फिरत असेल, तर जोर येतो तो पट्ट्याच्या नेमक्या त्या टोकावर, जिथे तो आधीच सगळ्यात कमकुवत असतो.

उलट बाजूने १८ चा घ्यावा, तर प्रत्येक बाजूला अर्ध्या मिलीमीटरची फट राहते. दिसायला ते फारसं वाईट दिसत नाही. पण पट्टा पिनवर डावी-उजवीकडे सरकत राहतो आणि उघड्या भागात धूळ-घाम जाऊन पिन गंजते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. पट्टा १८ चा असो की २० चा, पिन घड्याळाच्या लगाच्याच मापाची लागते, म्हणजे माझ्यासाठी १९ ची. पट्ट्यासोबत येणारी पिन पट्ट्याच्या मापाची असते. १८ ची पिन १९ च्या लगात घातली तर तिची टोकं भोकात नुसती टेकतात, खोल जात नाहीत. ती कधी सुटेल ते सांगता येत नाही.

माप ठरलं तेव्हा मला वाटलं, आता फक्त चामडं, स्टील की रबर एवढंच निवडायचं. काकांनी मनगटाबद्दल विचारलं. मी सांगितलं, साडेपंधरा सेंटीमीटर. ते म्हणाले, “सकाळचं का दुपारचं?”

हा प्रश्न नागपूरच्या माणसालाच सुचणार. उन्हात रक्तवाहिन्या फुलतात, हात सुजल्यासारखा होतो, आणि मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो. घरी आल्यावर मी वहीचा कागद कापून एक अरुंद पट्टी केली. घड्याळ जिथे बसतं त्या जागी, म्हणजे मनगटाच्या बाहेरच्या उंच हाडाच्या मागे, कोपराकडच्या बाजूला, ती गुंडाळली आणि जिथे टोक येतं तिथे पेनने रेघ मारली. सकाळी उठल्यावर १५४ मिलीमीटर. दुपारी हिंगण्याहून परत आल्यावर, हात न धुता, १६१. सात मिलीमीटरचा फरक. हीच मोजणी मी पुढे थंडीत केली तेव्हा सकाळ-दुपारचा फरक जेमतेम दोन मिलीमीटर होता.

त्या कागदाच्या पट्टीने माझा पाहण्याचा कोनच बदलला. तोवर मी दिसण्याचा आणि टिकण्याचा विचार करत होते. आता मला दुसरं काहीतरी हवं होतं: कोणत्या पट्ट्यात किती बारीक फरक करता येतो? सकाळी नीट बसलेलं घड्याळ दुपारी मनगटावर वळ उमटवणार असेल, तर तो पट्टा कितीही देखणा असला तरी माझ्या कामाचा नाही. आणि दुपारच्या मापाने सैल ठेवलं, तर सकाळी घड्याळाची डबी हाडावरून घसरून हाताच्या मागच्या बाजूला येते आणि चावी तळहाताच्या मागे टोचत राहते.

चामड्याच्या पट्ट्याला साधारण सात भोकं असतात, एकमेकांपासून सहा ते सात मिलीमीटरवर. म्हणजे एक भोक पुढे-मागे केलं की सात मिलीमीटर. उन्हाळ्यात माझ्या मनगटाचा दिवसाचा फरक जवळपास एवढाच, म्हणून सकाळी एक भोक आणि दुपारी दुसरं, असं जमण्यासारखं आहे. पण त्याआधी पट्ट्याची लांबी जमली पाहिजे, आणि पातळ मनगटाची गडबड तिथेच होते.

पट्ट्याचे दोन तुकडे असतात. बक्कल असलेला आखूड तुकडा १२ च्या बाजूला लागतो, भोकांचा लांब तुकडा ६ च्या बाजूला. दुकानात सहज मिळणाऱ्या पट्ट्यांत आखूड तुकडा ७५ मिलीमीटर आणि लांब तुकडा ११५ ते १२० मिलीमीटर असतो. माझ्या घड्याळाच्या दोन पिनांमधलं अंतर सुमारे ४० मिलीमीटर आहे. मनगट १५५, त्यात चामड्याच्या जाडीसाठी दहा-एक मिलीमीटर धरले तर पूर्ण वेढा १६५ चा होतो. १६५ मधून ४० आणि ७५ वजा केले की उरतात ५०. म्हणजे मला लागणारं भोक लांब तुकड्यावर लगापासून ५० मिलीमीटरवर हवं. १२० च्या तुकड्यावर ते भोक सगळ्यात आतलं असतं, आणि त्याच्यापुढे सत्तर मिलीमीटरचं शेपूट लूपमधून बाहेर निघून बाजूला लोंबतं. उन्हाळ्यात सैल करायला भोकं आहेत, पण थंडीत घट्ट करायला एकही उरत नाही. शिवाय बक्कलही जागेवर राहत नाही. एका बाजूला ७५, दुसऱ्या बाजूला ५०, म्हणून बक्कल मनगटाच्या खालच्या मधोमध न येता बारा मिलीमीटर अंगठ्याकडे सरकते. टेबलावर हात टेकला की ती हाडाला लागते.

याचंच ६५ आणि १०५ च्या पट्ट्यासाठी गणित केलं तर १६५ वजा ४० वजा ६५, म्हणजे ६०. बक्कल जवळपास मध्यावर येते आणि लागणारं भोक सातांपैकी मधल्या दोन-तीनांत पडतं. दोन्ही बाजूंना भोकं शिल्लक राहतात. म्हणून ज्यांचं मनगट सोळा सेंटीमीटरच्या आत आहे, त्यांनी पट्टा घेताना रुंदीसोबत दोन्ही तुकड्यांची लांबी विचारावी. दुकानात पट्टी नसेल तर पट्टा हातावर धरून बघावा, आखूड तुकडा लगापासून मनगटाच्या खालच्या मध्यापर्यंत पोचून थांबला पाहिजे, पुढे जाता कामा नये.

बर्डीवर १९ चा आखूड पट्टा मिळाला नाही. २० चे आखूड मिळत होते. तेव्हा काकांनी दुसरा मार्ग सुचवला: २० चा चांगल्या चामड्याचा पट्टा घ्यायचा आणि फक्त लगांमध्ये जाणारं टोक दोन्ही बाजूंनी अर्धा मिलीमीटर कापून घ्यायचं. पूर्ण पट्टा अरुंद करायचा नाही, कारण मग सगळी शिवण उसवते. कापायचं ते पिनपासून आठ-दहा मिलीमीटरपर्यंतच, म्हणजे पट्टा लगांच्या बाहेर पडला की पुन्हा २० चा होतो. पिशव्या आणि पर्स दुरुस्त करणाऱ्या इतवारीतल्या एका कारागिराकडे मी तो घेऊन गेले. त्यांनी आधी पट्टा लगांत धरून सुईच्या टोकाने खूण केली. मग धारदार पात्याने एका झटक्यात न कापता तीन-चार वेळा हलकेच फिरवून चामड्याचा केसभर जाडीचा काप काढला. प्रत्येक वेळी लगात घालून बघत होते. शेवटी उघड्या पडलेल्या कडेवर कडेचा रंग लावला, तो वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवून पुन्हा एक हात दिला. कड उघडी सोडली असती तर घाम थेट चामड्याच्या आतल्या थरांत शिरला असता.

हे सगळ्याच पट्ट्यांवर होत नाही. कारागिराने पट्टा हातात घेताच वाकवून त्याची कड पाहिली. कडेला एकसंध धागेदार चामडं दिसलं म्हणून ते तयार झाले. बऱ्याच स्वस्त पट्ट्यांवर ‘जेन्युइन लेदर’ असा शिक्का असतो, पण आत चामड्याच्या खालच्या थराचा तुकडा किंवा पुठ्ठ्यासारखं भरण असतं आणि वरून रंगाचा जाड थर. असा पट्टा कापला की कडेला थर सुटे होतात. ओळखायचं कसं? पट्टा उलटा वाकवावा. चांगल्या चामड्यावर बारीक, अनियमित सुरकुत्या पडतात आणि सोडलं की सावकाश विरतात. रंगाचा थर असेल तर एक सरळ, ठळक घडी उमटते आणि तिथेच पुढे तडा जातो.

चामड्याला मी थंडीचं काम दिलं आहे. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, हवा कोरडी असते, मनगट दिवसभर एकाच मापाचं राहतं, आणि तेव्हा हातावर चामड्याइतकं सुखाचं काही नाही. मार्चपासून घाम सुरू झाला की तो अस्तरात मुरतो. घामातलं मीठ वाळून चामडं कडक करतं आणि वास येऊ लागतो. रोज त्याच ओल्या पट्ट्यात हात घातला तर एखाद्या उन्हाळ्यात पट्टा संपतो. ओला झालेला पट्टा सावलीत, पंख्याखाली वाळवायचा. उन्हात ठेवला की त्यातलं तेल निघून जातं आणि तो खापरासारखा होतो.

आता उन्हाळ्यासाठी. माझा धाकटा भाऊ रबराचा पक्का समर्थक. त्याचं घड्याळ २० च्या लगाचं, त्यामुळे त्याला निवड भरपूर होती. आधी त्याने सिलिकॉनचा पट्टा घेतला. हाताला मऊ, स्वस्त, धुवायला सोपा. पण सिलिकॉनच्या पृष्ठभागाला धूळ आणि कपड्याचे तंतू चिकटतात. काळा पट्टा दुपारपर्यंत राखाडी दिसायचा. काही महिन्यांनी पिनच्या भोकाजवळ बारीक चीर दिसली आणि ती वाढत गेली. सिलिकॉनला एकदा चीर पडली की ती तिथे थांबत नाही. मग त्याने एफकेएम रबराचा घेतला. हे फ्लोरिनयुक्त रबर आहे. घाम, तेल आणि सनस्क्रीन यांचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. हातात घेतलं तर सिलिकॉनपेक्षा जड आणि घट्ट लागतं, धूळ चिकटत नाही. किंमत मात्र कितीतरी पट. स्वस्त डिजिटल घड्याळांसोबत येतो तो कडक पट्टा बहुधा पॉलियुरेथेनचा असतो, म्हणजे खरं तर प्लास्टिकच. तो काही वर्षांनी आपोआप तडकतो, वापरला नाही तरी.

रबराची भोकं साधारण पाच मिलीमीटरवर असतात, आणि रबर थोडं ताणतंही. म्हणजे मापाच्या दृष्टीने ते चामड्यापेक्षा उजवं. पण रबरातून हवा जात नाही. भावाच्या हातावर मे महिन्यात पट्ट्याखाली लाल पुरळ आलं, तेव्हा आम्हाला वाटलं रबराची अ‍ॅलर्जी आहे. त्वचेच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं, घाम अडकून त्वचा मऊ पडली आणि मग घासली गेली. पुरळ फक्त पट्ट्याखाली सगळीकडे सारखं असेल तर बहुधा घाम. फक्त धातूची बक्कल लागते तेवढ्याच चौकोनात असेल तर निकेलच्या अ‍ॅलर्जीचा संशय घ्यायचा. त्याचं पट्ट्याखाली सगळीकडे होतं. आता तो आतल्या बाजूला खाचा असलेला पट्टा वापरतो, दुपारी एकदा घड्याळ काढून पट्टा आणि हात दोन्ही पाण्याने धुतो. त्रास गेला.

मला रबर घेता आलं नाही ते याच १९ मुळे. रबर चामड्यासारखं कापून कडा बंद करता येत नाही. कापलेल्या जागेपासूनच ते फाटायला लागतं. आणि २० चं दाबून घातलं तर लगांच्या मध्ये फुगून वर येतं. १९ मध्ये मिळालं ते सगळं सिलिकॉन. ते मी सोडून दिलं.

उरलं स्टील. स्टीलला काही जण उन्हाळ्यात नको म्हणतात, तापतं म्हणून. स्कूटरवर उन्हात चेनचा वरचा भाग गरम होतो हे खरं, पण कड्यांच्या फटींतून हवा खेळते, घाम वाळतो, आणि नळाखाली धरली की चेन स्वच्छ. स्टीलमध्ये माझ्या दृष्टीने खरा प्रश्न मापाचा होता. एक कडी काढली की सात-आठ मिलीमीटर कमी होतात. ही पायरी चामड्याच्या भोकापेक्षाही मोठी आहे. म्हणून नुसत्या कड्या काढून चेन कधीच नीट बसत नाही. तो बारीक फरक लॉकमध्ये करायचा असतो. साध्या दुमडणाऱ्या लॉकच्या बाजूला तीन-चार लहान भोकं दिसतात, साधारण दोन-दोन मिलीमीटरवर. त्यातली पिन एका भोकातून दुसऱ्यात नेली की चेन तेवढीच सैल किंवा घट्ट होते. दोन्ही बाजूंनी उघडणारं बटरफ्लाय लॉक मिटल्यावर दिसतच नाही, म्हणून ते दुकानात सगळ्यात सुबक वाटतं. पण त्याला ही भोकं नसतात. अर्धी कडी मिळाली तर मिळाली, नाहीतर मनगट कड्यांच्या मापाचं असावं लागतं. ज्यांचा हात उन्हाने फुगतो त्यांनी बटरफ्लाय लॉकच्या मोहात पडू नये, असं माझं ठाम मत आहे.

१९ ची चेन ऑनलाइन मिळाली. सरळ टोकांची, भरीव कड्यांची, ३१६एल स्टीलची. सरळ टोकांमुळे डबीच्या गोलाईत आणि चेनच्या टोकात थोडी फट दिसते. गोलाईची टोकं त्याच घड्याळासाठी बनवलेली असतील तरच नीट बसतात. कोणत्याही घड्याळाला चालतील म्हणून विकली जाणारी गोल टोकं खुळखुळतात आणि डबीवर ओरखडे पाडतात. मला फट चालेल, खुळखुळाट नाही. रुंदीत मात्र चेन नेमकी १९ चीच घेतली. धातू दबत नाही, त्यामुळे इथे अर्ध्या मिलीमीटरचीही सूट नसते.

चेन लगाजवळ १९ ची असली तरी लॉककडे निमुळती होत १६ ची होते. ही गोष्ट महत्त्वाची निघाली, कारण लॉक लगाच्या मापाने नाही तर चेनच्या त्या टोकाच्या मापाने घ्यायचं असतं. १६ चं माप सम आहे, त्यात लॉक सहज मिळतात. चेनसोबतचं लॉक काढून मी सरकतं लॉक बसवून घेतलं. त्याला एक छोटं बटण असतं, ते दाबून चेन सहा-सात मिलीमीटर बाहेर ओढता येते किंवा आत ढकलता येते. पिन काढावी लागत नाही, घड्याळ हातावरून उतरवावंही लागत नाही. सिग्नलला थांबले की अंगठ्याने बटण दाबून दोन खाचा सैल करते, ऑफिसच्या एसीत बसले की परत आत.

या लॉकचा एक तोटा आहे आणि तो बारीक मनगटालाच जाणवतो. आत सरकणारी पट्टी मावण्यासाठी लॉक लांब करावं लागतं. माझं ३८ मिलीमीटर लांब आहे. मोठ्या मनगटाचा खालचा भाग सपाट असतो, त्यावर ते चपखल बसतं. माझ्या मनगटाच्या गोलाईवर त्याचं अंगठ्याकडचं टोक किंचित वर राहतं. याहून लांब लॉक मी घेतलं नसतं. लॉक घेण्याआधी पुठ्ठ्याचा तेवढ्या लांबीचा कडक तुकडा मनगटाच्या खाली टेकवून बघितला होता. दोन्ही टोकं अधांतरी राहिली असती तर नाद सोडला असता.

कड्या काढण्याचं काम काकांनी केलं, मी शेजारी बसून पाहत होते. कडीच्या आतल्या बाजूला बाण कोरलेला असतो. पिन बाणाच्या दिशेने बाहेर ढकलायची आणि परत घालताना उलट दिशेने. त्यांनी चेन हातात न धरता लाकडी ठोकळ्यावर उभी केली आणि पिन ठोकून काढली. दोन्ही बाजूंनी किती कड्या काढायच्या यावर ते थोडं थांबले.

“सारख्या नाही काढायच्या,” ते म्हणाले. “घालून पाहा आधी. लॉक मधात आलं पाहिजे. नाहीतर डबी एका बाजूले कलते.”

माझ्या हातावर ६ च्या बाजूने एक कडी जास्त काढावी लागली. लॉक बरोबर मनगटाच्या खालच्या मध्यावर आलं. मग त्यांनी मला मूठ वळवायला, मनगट मागे मोडायला आणि हात खाली सोडून झटकायला सांगितलं. मूठ वळल्यावर चेन रुतता कामा नये, कारण मूठ वळली की मनगट फुगतं. हात झटकल्यावर डबी हाडावरून पुढे जाता कामा नये. चेनखाली करंगळीचं टोक अडखळत का होईना शिरलं पाहिजे. हे सगळं सरकतं लॉक पूर्ण आत असताना, सकाळच्या मापावर पाहून घेतलं, म्हणजे सैल करायची पूर्ण जागा दुपारसाठी शिल्लक राहिली. सगळ्यात शेवटी काकांनी डबी एका हातात, चेन दुसऱ्या हातात धरून जोरात ओढली. पिनची दोन्ही टोकं भोकात बसल्याचा ‘टिक’ आवाज आला होता, तरीही ओढली. एक टोक बसतं आणि दुसरं भोकाच्या कडेवर नुसतं टेकलेलं राहतं, असं वारंवार होतं, आणि बाहेरून ते दिसत नाही.

चामडं आणि चेन यांची अदलाबदल आता मी घरीच करते. नोव्हेंबरात चामडं चढतं, होळीच्या आसपास चेन. पिन काढायचं हत्यार स्वस्तात मिळतं. एका टोकाला दोन दातांचा काटा, दुसऱ्या टोकाला सुई. काटा पिनच्या खांद्याखाली घालून आत दाबायचं असतं. लगाच्या आतल्या बाजूला आधी पारदर्शक टेप चिकटवते, म्हणजे काटा निसटला तरी डबीवर रेघ उमटत नाही. जुन्या पिना परत वापरत नाही. स्प्रिंग मरगळली आहे की नाही हे पिन दोन बोटांत दाबून कळतं, पण नव्या पिनांची जोडी इतक्या थोडक्या पैशांत येते की ती परीक्षा घेण्याचीही गरज नाही. फक्त दुकानात १९ च्या मागते, आणि दुकानदार वीसच्या पुढे करतो तेव्हा व्हर्नियर लावायला सांगते.

काढलेल्या कड्या आणि त्यांच्या पिना एका छोट्या डबीत ठेवल्या आहेत. चेन दुसऱ्या कोणाच्या मनगटावर गेली, किंवा माझंच मनगट वाढलं, तर त्याच कड्या लागतील. या मापाच्या सुट्या कड्या बाजारात मिळत नाहीत.